अंगावर पिणाऱ्या बाळाला गॅस: कोबी, तूरडाळ, तिखट खरंच बंद करावं का?

सायली_०७
मदत हवी आहे. मुलगी ५ आठवड्यांची आहे, फक्त अंगावर पिते. जन्माचं वजन २.९ किलो होतं, परवा ४.३ भरलं. संध्याकाळी सातच्या सुमारास रडायला लागते ती दहापर्यंत. पाय पोटाशी घेते, चेहरा लाल होतो, भरपूर वारा सरतो. दिवसा बरी असते.

घरात माझं कोबी, फ्लॉवर, तूरडाळ, हरभरा, वाटाणा, वांगं, हिरवी मिरची सगळं बंद केलंय. सध्या मऊ भात, मुगाचं वरण, तूप आणि दोडका यावरच आहे. दहा दिवस झाले, रडण्यात काहीच फरक नाही. उलट मलाच बद्धकोष्ठ झालंय. सासूबाई म्हणतात, अजून थोडे दिवस थांब. या पथ्याचा खरंच उपयोग होतो का?

नानी_सातारकर
ओवा भाजून घे, त्यात काळं मीठ आणि चिमूटभर हिंग घाल. जेवणानंतर अर्धा चमचा चावून कोमट पाणी पी. तुझा गॅस दोन दिवसांत कमी होईल.

सायली_०७
नानी, गॅस मला नाही हो, बाळाला आहे. 🙂

नानी_सातारकर
अगं, मग तेच म्हणते ना. आईचा वात गेला की बाळाचा जातो. आमच्याकडे बाळंतिणीला तूरडाळ चाळीस दिवस देतच नाहीत. बाळंतशेपा मात्र रोज.

कांचनमृग
मी स्तनपान समुपदेशक आहे. आधी मूळ प्रश्न घेते.

कोबी किंवा हरभरा खाल्ल्यावर आईच्या पोटात वारा धरतो, कारण त्यातला चोथा आणि काही साखरा लहान आतड्यात पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात पोचल्या की तिथले जंतू त्यांना आंबवतात आणि वायू होतो. दूध मात्र आतड्यातल्या मालापासून बनत नाही, रक्तातून बनतं. न पचलेला चोथा रक्तात जातच नाही. थोडाफार वायू रक्तात शिरला तरी तो फुप्फुसांतून श्वासावाटे निघून जातो. म्हणजे आईच्या पोटातला वारा दुधातून बाळाच्या पोटात जायला वाटच नाही.

तिखटाचंही साधारण तसंच. वास आणि चव मात्र दुधात उतरते. फिलाडेल्फियात १९९१ साली आयांना लसणाच्या कॅप्सूल देऊन पाहिलं होतं. साधारण दोन तासांनी दुधाला लसणाचा वास सगळ्यात जास्त आला आणि बाळं त्या वेळी छातीशी जास्त वेळ राहिली. तेव्हा लसणाची चटणी खाल्ली म्हणून बाळ दूध सोडेल ही भीती नको.

आता तुमच्या बाळाबद्दल विचारते. एका बाजूला किती वेळ पाजता? सुरुवातीला ठसका लागतो का? शी कशी होते?

सायली_०७
दोन्ही बाजूंना सारखं मिळावं म्हणून ५ मिनिटं झाली की बाजू बदलते. सुरुवातीला गटागटा पिते, ठसका लागतो, कधी तोंड सोडते तेव्हा दुधाची चिळकांडी उडते. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनेही दूध गळतं. शी दिवसातून सात-आठ वेळा, पाण्यासारखी, हिरवट, फेसाळ. फाटकन आवाज होतो. रक्त नाही.

अभ्यासू_अमेय
कांचनमृग, कोबीला एकदम क्लीन चिट नको. अमेरिकेत १९९६ मध्ये अभ्यास झालाय. ज्या आया कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, कांदा, गाईचं दूध किंवा चॉकलेट खात होत्या त्यांच्या बाळांमध्ये पोटदुखीची लक्षणं जास्त दिसली. म्हणजे संबंध सिद्ध झाला की.

कांचनमृग
अमेय, अभ्यास आहे, पण तो आयांनीच भरून दिलेल्या प्रश्नावलीवर उभा आहे. आईने काय खाल्लं आणि बाळ किती चिडचिडं होतं, दोन्ही आईच सांगणार. कोबीने वात होतो हे ऐकून वाढलेली आई कोबी खाल्लेल्या दिवशी बाळाकडे जास्त लक्ष देते. कुणाला कोबी दिली आणि कुणाला नाही हे आईपासून लपवून केलेली चाचणी ती नव्हती. म्हणून सिद्ध झालं असं म्हणवत नाही. एखाद्या बाळाला एखादी गोष्ट खरंच सोसत नसेल, ही शक्यता मी नाकारत नाही. यादीतल्या गाईच्या दुधाची गोष्ट मात्र वेगळी आहे, त्यावर खाली लिहिते.

सायली, तुमच्या वर्णनात मला आहारापेक्षा पाजण्याची पद्धत जास्त दिसते. दूध भरपूर आहे (५ आठवड्यांत १.४ किलो म्हणजे दिवसाला सरासरी ४० ग्रॅम, वाढ चांगलीच आहे) आणि जोरात येतं. दोन गोष्टी होतात. गटागटा पिताना बाळ हवा गिळतं. आणि स्तन भरलेला असताना येणारं दूध पातळ, त्यात स्निग्धांश कमी. बाजू रिकामी होत जाते तसं ते दाट होतं. ५ मिनिटांत बाजू बदलली की दोन्हीकडचं पातळ दूधच पोटात जातं. ते पोटातून भराभर पुढे सरकतं, त्यातली दुधातली साखर पूर्ण पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबते. हिरवी, फेसाळ, फाटकन होणारी शी त्यामुळेच होत असावी.

असं करून पाहा.

एका वेळी एकच बाजू. बाळ स्वतः सोडेपर्यंत पाजा, घड्याळ बघू नका. त्यानंतर मागितलं तरच दुसरी द्या. दुसरी बाजू दगडासारखी झाली तर हाताने थोडंसं काढा, ताण उतरेपुरतंच. पूर्ण काढलंत तर दूध आणखी वाढेल.

स्वतः मागे रेलून बसा आणि बाळाला छातीवर पालथं घेऊन पाजा. दुधाला चढ मिळाला की वेग कमी होतो. पहिली धार फार जोरात असेल तर बाळाला क्षणभर बाजूला करून ती दुपट्यात जाऊ द्या.

पकड बघा. तोंड जांभईसारखं उघडं हवं, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळ्या भागाचा खालचा भाग जास्त आत. पिताना टकटक आवाज येत असेल तर हवा जातेय, बोट घालून सोडवून पुन्हा लावा.

पाजून झाल्यावर १० मिनिटं खांद्यावर उभं धरा. ढेकर आली नाही तर नाही. रात्री अर्धा तास थोपटत बसायची गरज नसते.

रिया_दुबई
माझ्या मुलाच्या शीत रक्ताच्या रेषा आणि चिकट आव होती, अंगावर चट्टेही. डॉक्टरांनी माझं दूध-दही बंद केलं, तीन आठवड्यांत सगळं गेलं. त्यामुळे सायली, कोबी-डाळ सोड, आजच दूध बंद कर. सगळ्या बाळांना दुधाचाच त्रास असतो.

कांचनमृग
रिया, तुमच्या बाळाची लक्षणं तशी होती, म्हणून तो उपाय लागू पडला. गाईच्या दुधातलं प्रथिन अगदी थोड्या प्रमाणात आईच्या दुधात उतरतं आणि काही थोड्या बाळांना त्याची अ‍ॅलर्जी असते. शीत रक्त किंवा आव, इसब, सतत उलट्या, वजन न वाढणं अशा खुणा असतात. नुसता वारा आणि संध्याकाळचं रडणं ही त्याची खूण नाही.

तसा संशय असेल तर डॉक्टरांशी बोलून २ ते ४ आठवडे दूध पूर्ण बंद करायचं. दही, ताक, पनीर, खवा, पेढे, चहातलं दूध, दूध पावडर असलेली बिस्किटंसुद्धा. म्हशीच्या किंवा शेळीच्या दुधावर जाऊन उपयोग नाही, प्रथिनं बरीच सारखी आहेत. आणि फरक पडला तरी पुन्हा दूध घेऊन खात्री करायची, नाहीतर बाळ आपोआप सुधारलं की दुधामुळे, ते कळत नाही. त्या काळात नाचणी, तीळ, लागल्यास डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम.

अभ्यासू_अमेय
हे पुन्हा घेऊन बघणं डाळीलाही लावता येईल ना?

कांचनमृग
नक्की, आणि सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते. बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. सहाव्या आठवड्यात तूरडाळ बंद केली आणि आठव्यात बाळ शांत झालं, की श्रेय डाळीला. पथ्य कसलंही असतं तरी तेच झालं असतं.

सायली, अशी वही ठेवा. आधी ३ दिवस नेहमीचं पथ्य, रडणं किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं एवढंच लिहा. मग ३ दिवस दुपारी एक वाटी तूरडाळीचं वरण, बाकी काही बदलू नका. मग ३ दिवस बंद, मग पुन्हा ३ दिवस सुरू. दोन्ही वेळेला डाळीच्या दिवसांत रडणं ठळक वाढलं तरच डाळीवर संशय घ्या. एका वाईट संध्याकाळीवरून ठरवू नका. पाजण्याची पद्धत आधी बदला, तीन-चार दिवस स्थिर होऊ द्या, मग ही वही. दोन्ही एकदम केलंत तर काहीच कळणार नाही.

आणि दोडका-भातावर राहू नका. पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, आणि प्रथिनं १७ ग्रॅमच्या आसपास जास्त. डाळी, उसळी बंद करून ते कुठून येणार? तुमचं बद्धकोष्ठही चोथा आणि पाणी कमी पडल्यानेच असावं.

नानी_सातारकर
बाळाला थोडी घुटी, ग्राइप वॉटर तरी चालेल की नाही? हिंगाचा लेप?

कांचनमृग
नानी, कोमट पाण्यात कालवलेला हिंग बेंबीभोवती लावलात तर तो बाहेरचा बाहेर राहतो. कातडी लाल झाली तर लगेच पुसा. पोटात मात्र काही नको, घुटी नाही, ग्राइप वॉटर नाही, आणि मध तर वर्षभर अजिबात नाही. सिमेथिकोनचे थेंब देतात, पण चाचण्यांमध्ये ते खोट्या औषधापेक्षा सरस ठरलेले नाहीत.

सायली_०७
आठ दिवसांनी लिहितेय. एकाच बाजूने पाजायला लागल्यापासून शी पिवळी आणि थोडी दाट झाली, फेस जवळजवळ गेला. ठसका कमी आहे. संध्याकाळचं रडणं मात्र अजून आहे, फक्त साडेआठ-नऊपर्यंत आटोपतं. डाळीचे पहिले तीन दिवस झाले, मला काही फरक दिसला नाही. सासूबाईंना दिसला. 🙂

कांचनमृग
शीत फरक पडला म्हणजे दिशा बरोबर आहे. उरलेलं रडणं वयाचं असू शकतं, ती आता सहा आठवड्यांची झाली. वही सासूबाईंना वेगळी द्या, दोघींनी एकमेकींना न दाखवता वेळा लिहा.

ताप १००.४ च्या वर गेला, हिरवी उलटी झाली, पोट कडक फुगलं, शीत रक्त आलं, पिणं बंद झालं किंवा दिवसातून सहापेक्षा कमी दुपटी ओली झाली, तर वही बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे.

सायली_०७
आणि हिरवी मिरची?

कांचनमृग
तुम्हाला सोसत असेल तेवढी खा. डाळीची पाळी संपल्यावर.