शब्दचर्चा : रनिंग बिलातलं ‘अद्ययावत परिमाण’ म्हणजे नेमकं काय?

सोसायटी_सचिव (इंदूर): आमच्या सोसायटीच्या कंपाउंड वॉलचं दुसरं रनिंग बिल आलंय. इथले ठेकेदार त्याला ‘चल देयक’ म्हणतात. त्यात ‘अद्ययावत परिमाण’ असा रकाना आहे आणि वीटकाम १२.४२ घनमीटर लिहिलंय. हे या महिन्याचं काम की सगळं? ‘अद्ययावत’ म्हटलं की आमच्या कमिटीतल्या मंडळींना ताजं, नवं असंच वाटतं.

बडोदेकर: अद्ययावत म्हणजे मॉडर्न. अद्ययावत स्वयंपाकघर असतं ना, तसं. बाकी माझ्या बंगल्याच्या वेळी ठेकेदार साइटवर येऊन पडलेल्या विटांचेही पैसे रनिंग बिलात मागत होता. असं चालतं का?

निवृत्त_ओव्हरसियर: इथे अद्ययावत म्हणजे अद्यापर्यंत, कामाच्या पहिल्या दिवसापासून आजपर्यंतचं एकूण माप. रनिंग बिल ‘या महिन्यात काय झालं’ असं मोजत नाही. आजवरचं सगळं मोजायचं, दर लावायचा आणि त्यातून मागच्या बिलातलं वजा करायचं. सचिवसाहेब, एम.बी.तली, म्हणजे मोजमाप वहीतली, मापं टाका.

सोसायटी_सचिव: भिंत ४० मीटर, जाडी ०.२३, उंची आता १.५. मधे गेटसाठी ४ मीटर मोकळं. दर ६,५०० रुपये. मागच्या बिलात उंची १ मीटर होती, वीटकाम ९.२० धरलं होतं. प्लास्टर या वेळी पहिल्यांदाच : ३६ × १.५, दोन्ही बाजू, १०८ चौरस मीटर, दर २८०.

निवृत्त_ओव्हरसियर: ४० × १ × ०.२३ म्हणजे बरोबर ९.२०. याचा अर्थ मागच्या वेळी गेटची जागा वजा करायची राहून गेली. आता नुसतं नवं काम मोजलंत, तर वरचा अर्धा मीटर, ३६ × ०.५ × ०.२३, म्हणजे ४.१४ घनमीटर. ते जुन्यात मिळवलं की १३.३४ होतात आणि ०.९२ घनमीटरचे ५,९८० रुपये फुकट जातात. आजवरचं माप घेतलं की १२.४२ वजा ९.२०, म्हणजे ३.२२ च येतं. जुनी चूक कुणाशी न भांडता वळती होते. म्हणून त्या रकान्याला मी तरी ‘आजवरचे’ म्हणेन.

हिशेबनीस: सोपं आहे. आजवरचं वीटकाम ८०,७३० आणि प्लास्टर ३०,२४०, एकूण १,१०,९७०. त्यातून आधी दिलेला चेक वजा करा, उरलेल्यावर ५ टक्के अनामत कापा, झालं.

सोसायटी_सचिव: मागचा चेक ५६,८१० चा होता. ५९,८०० चं काम, त्यातून ५ टक्के म्हणजे २,९९० अनामत राखली.

निवृत्त_ओव्हरसियर: हिशेबनीसांचं अर्धं बरोबर आहे. चेक वजा केला तर ५४,१६० उरतात, पण त्यात मागची राखलेली अनामतही येऊन बसली. त्यावर ५ टक्के कापून ५१,४५२ दिलेत, तर ती अनामत जवळजवळ परत देऊन टाकली. एक तर कामाच्या किमतीतून कामाचीच किंमत वजा करा : १,१०,९७० वजा ५९,८०० म्हणजे ५१,१७०, त्यातून ५ टक्के २,५५८.५०, देय ४८,६११.५०. नाहीतर अनामतही आजवरची कापा : १,०५,४२१.५० वजा चेक ५६,८१०. उत्तर तेच. दोन्ही रीती ठीक, सरमिसळ नको.

हिशेबनीस: दुसरी रीत माझ्या मनात होती, लिहिताना उलटसुलट झालं म्हणा. पण टीडीएस कापला असेल तर?

निवृत्त_ओव्हरसियर: तो ठेकेदाराच्या नावेच भरलाय, म्हणून ‘आधी दिलेले’ यात तो धरायचाच. नुसता चेक वजा केला की टीडीएसची रक्कम त्याला दुसऱ्यांदा जाते. ‘मागील प्रदान’ या शब्दाखाली हाच घोळ होतो. कुणी त्यात कामाची किंमत लिहितो, कुणी हातात पडलेली रक्कम.

बडोदेकर: आणि माझ्या विटा?

निवृत्त_ओव्हरसियर: रचल्याशिवाय ते काम नाही, एम.बी.त येणार नाही. करारात असेल तर मालावर उचल देतात, पण ती वेगळ्या ओळीत दाखवून पुढे वळती करायची. करारात काय होतं तुमच्या?

बडोदेकर: करार कसला, तोंडीच होतं सगळं.

शिक्षिका_ग्वाल्हेर: ‘आजवरचे’ बोलायला ठीक, पण छापील बिलात ‘एकूण’ काय वाईट?

हिशेबनीस: खालच्या बेरजेलाही एकूणच म्हणतात. दोन ‘एकूण’ झाले की कमिटी गोंधळणार.

सोसायटी_सचिव: ठेकेदाराला आकडा पटला. पण म्हणतो, गेटच्या दोन्ही कडांना प्लास्टर केलंय, ते मोजलंच नाही.

निवृत्त_ओव्हरसियर: खरं बोलतोय. ३ चौरस मीटरहून मोठी मोकळी जागा वजा केली, की तिच्या कडा जमेस धरतात. तुमची ६ ची आहे. दोन कडा, १.५ × ०.२३, मिळून ०.६९ चौरस मीटर, १९३ रुपये २० पैसे. बिल मंजूर झालं असेल तर फाडू नका. पुढच्या बिलात आजवरचं प्लास्टर मोजाल तेव्हा घ्या.