अनुभव धागा : मे महिना, साधा फोन आणि अडकणारा गेम

घाटंजीचा पोरगा (धागा सुरू करणारा)

आमच्या गावात संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर सात-आठ पोरं बसतात आणि प्रत्येकाचं एकच रडगाणं असतं, गेम अडकतो. उपाय विचारला की जो तो वेगळाच सांगतो. म्हणून हा धागा. फोन कोणता ते नुसतं लिहू नका. नेमकं काय अडकतं, केव्हा अडकतं आणि काय केल्यावर फरक पडला, ते लिहा. विदर्भातल्या खेड्यातले, साध्या फोनवर खेळणारे सगळे या.

माझ्यापासून सुरुवात करतो. फोन ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेजचा, भावाने वापरून दिलेला. खेळतो फ्री फायर मॅक्स. साधं फ्री फायर २०२२ मध्ये बंद झालं आणि मॅक्स तेवढं उरलं. ते जुन्यापेक्षा जड आहे, हे साध्या फोनवाल्याला पहिल्या दिवशीच कळतं. घर पत्र्याचं. डिसेंबरात याच फोनवर संध्याकाळभर मस्त खेळता येतं. मे महिन्यात दुपारी पहिली मॅच बरी जाते, दुसऱ्या मॅचच्या मध्यावर बोट फिरवलं की कॅमेरा उशिरा फिरतो. समोरचा दिसतो, पण नेम धरेपर्यंत आपण पडलेलो असतो. पोरं म्हणतात नेटवर्क. मला ते पटत नाही, कारण वर कोपऱ्यात पिंगचा आकडा तेव्हाही हिरवाच असतो.

मोबाईल दुरुस्तीवाला, आर्णी

भाऊ, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. माझ्या दुकानात उन्हाळाभर अशी पोरं येतात, आणि मी आधी हेच विचारतो की अडकलं तेव्हा पिंग किती होता.

पिंग हिरवा आणि तरी कॅमेराच जड फिरतो, तर ती गरमी. फोन ठरावीक तापला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, नाहीतर आतलं सामान खराब होईल. याच्या उलट, कॅमेरा लोण्यासारखा फिरतो पण समोरचा माणूस इथून गायब होऊन तिथे उगवतो, गोळ्या लागूनही त्याचं काही होत नाही आणि पिंग लाल, तर ते नेटवर्क. आणि तिसरा प्रकार म्हणजे उतरताना घरं उशिरा दिसणं, नव्या जागी गेलं की सेकंदभर गोठणं आणि मग परत ठीक होणं. तो स्टोरेजचा किंवा रॅमचा प्रश्न. हे तीन रोग वेगळे आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागत नाही.

आता गरमीचं. फोनला पंखा नसतो. आतली गरमी पाठीवरून हवेत जाते, आणि हवा थंड असेल तेवढी लवकर जाते. डिसेंबरात खोली पंचवीस अंशांवर असते. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी बेचाळीस-चव्वेचाळीस. फोन चाळीसच्या पुढे गेला की गरमी जाणार कुठे? म्हणून दुसऱ्याच मॅचला तो थकतो. उपाय सोपे आहेत. कव्हर काढा, जाड रबराचं तर नक्कीच. ब्राइटनेस उतरवा, म्हणजे उन्हात बसून खेळू नका. गेमच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स सगळ्यात खालचं ठेवा आणि हाय एफपीएस बंद करा. पोरं ग्राफिक्स उतरवतात पण एफपीएस वर ठेवतात, आणि साध्या फोनला तेच तापवतं. तीसच्या आसपास स्थिर चाललेला गेम साठवरून पंधरावर कोसळणाऱ्यापेक्षा कितीतरी बरा.

आणि चार्जिंगला लावून खेळू नका. हे मी अगदी हात जोडून सांगतो. चार्ज होताना बॅटरी स्वतः तापते, त्यात गेमची गरमी. माझ्याकडे मागचं झाकण उचललेले, बॅटरी फुगलेले फोन येतात, त्यातले बरेच असेच खेळलेले असतात. झाकण जरा जरी उचललेलं दिसलं किंवा स्क्रीन एका बाजूने वर आली, तर तो फोन बंद करा, दाबू नका, टोचू नका, दुकानात आणा.

वऱ्हाडी राजा, दारव्हा

बाप्पा, एवढं काय्ले पायजे? मी तर ओला फडका करतो, फोनच्या मागं लावतो, पाच मिनिटात थंडा. कधी कधी माठावर ठेवून देतो. आन् मॅचच्या आधी सगळे अ‍ॅप झाडून टाकतो, बूस्टर मारतो. मस्त चालते.

मोबाईल दुरुस्तीवाला, आर्णी

दादा, अर्धं बरोबर आहे. मागचे अ‍ॅप बंद करून गेम उघडणं ३ जीबीच्या फोनला खरंच कामाचं, एकदाच केलं तरी पुरे. पण बूस्टर स्वतः एक अ‍ॅप आहे. तो मागे चालतो, जाहिराती दाखवतो, त्यासाठी डेटा खातो. काढून टाका आणि दोन दिवस खेळून बघा.

फडक्याचं म्हणाल तर थंडी लागते हे खरं, पण पाणी चार्जिंगच्या भोकातून, स्पीकरच्या जाळीतून आत जातं. फ्रीजमध्ये तर कधीच नाही. थंड फोन बाहेरच्या गरम हवेत आणला की आतून दव धरतं, आणि गंज लागलेलं बोर्ड मग मीच साफ करत बसतो. त्यापेक्षा मॅच संपली की स्क्रीन बंद करून फोन फरशीवर पालथा ठेवा. कुलर असेल तर त्याच्या हवेत, पण तुषार उडतात तिथून लांब.

आशाताई, पुसद तालुका

मला गेमातलं कळत नाही, पण स्टोरेजचं वाचून लिहिते. फोन माझा आहे, कामाचा. गेम मुलगा खेळतो. परवा गरोदर बाईच्या भेटीचा फोटो काढायला गेले तर जागा नाही म्हणाला. त्या बाईच्या अंगणात उभी राहून मी फोटो खोडत बसले. गेम काढला तर पोरगा जेवत नाही. यावर काय करावं?

घाटंजीचा पोरगा

ताई, गेम न काढताही बरीच जागा निघते. गेमच्या आत डाउनलोड सेंटर असतं. त्यात जास्तीचे नकाशे, कपडे, इफेक्ट असे पॅक उतरवलेले असतात. मुलगा जे खेळत नाही ते त्याच्याचकडून तिथून काढून घ्या. दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज बघा. कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते तिथे उतरत्या क्रमाने दिसतं. आमच्या आईच्या फोनमध्ये सकाळच्या शुभेच्छांच्या व्हिडिओंनी गेमपेक्षा जास्त जागा घेतली होती. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणंही तिथेच बंद करा.

पण कामाचा फोन आहे तर पोराला सांगाच, की ३-४ जीबी रिकामी राहिली नाही तर गेम नाही. त्याच्याही फायद्याचं आहे. अपडेटच्या वेळी नवी फाइल उतरते आणि जुनी असतानाच उलगडते, म्हणून दिसतो त्यापेक्षा जास्त जागा लागते. फोन गच्च भरला की गेम गोठतोच.

धारणीकर, मेळघाट

माझा रोग दुसरा, म्हणजे नेटवर्क. अमरावतीला होस्टेलवर याच फोनवर पिंग पन्नास-साठ राहायचा. सुट्टीत गावी आलो की दीडशे, मग एकदम नऊशे, मग परत दीडशे. टॉवर डोंगरापलीकडे आहे. घरात एक कांडी, गच्चीवर दोन. शिवाय सिग्नल कमजोर असला की फोन टॉवरला गाठायला जास्त ताकद लावतो, म्हणून गरमही जास्त होतो. हे मला इथेच जाणवलं. तोच गेम, तेच ग्राफिक्स, पण घरात बसून खेळलं तर गच्चीपेक्षा लवकर तापतो.

मी शोधून काढलेलं एक सांगतो. फोन सारखा ४जी सोडून खालच्या नेटवर्कवर जातो आणि परत येतो, त्या उडीत पिंग फुटतो. डायलरवर हे टाकलं की चाचणीचा मेनू उघडतो:

```
*#*#4636#*#*
```

त्यात फोनच्या माहितीत जाऊन LTE only निवडलं की फोन ४जीवरच टिकतो. सगळ्या फोनमध्ये हा मेनू उघडत नाही. आणि एक खबरदारी घ्या, ४जीवरून कॉल करायची सोय चालू नसेल तर असं केल्यावर फोन येणं बंद होतं. म्हणून खेळून झालं की पूर्वीसारखं करून ठेवा. आजोबा दवाखान्यात असताना तर मी याला हात लावत नाही.

एवढं करूनही रात्री आठ ते दहा काही जमत नाही. त्या वेळी सगळं गाव त्याच टॉवरवर असतं. त्यावर कोणाकडे उपाय असेल तर सांगा.

नेटपॅकवाला, वरोरा

रात्री दहानंतर खेळणं, एवढाच उपाय मला माहीत आहे. पण डेटाचं कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

पोरांना वाटतं गेम डेटा खातो. माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये बघितलं तर वीस मिनिटांच्या मॅचला वीस-तीस एमबी जातो, बोलत खेळलं तर थोडा जास्त. दीड जीबीच्या पॅकात हे काहीच नाही. डेटा संपतो तो अपडेटमध्ये आणि मधल्या रील्समध्ये. आणि एकदा रोजचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. हिशोब करा, ते सेकंदाला ८ केबी होतात. वीस मिनिटांत १० एमबीसुद्धा येत नाही, आणि मॅचला तर त्याच्या दुप्पट लागतो. म्हणून गेम उघडतो, लॉबी दिसते, पण मॅचमध्ये पुतळे होतात. पिंग लाल दिसतो आणि आपण टॉवरला दोष देतो. आधी राहिलेला डेटा बघा.

मोठ्या अपडेटचं मी असं करतो. माझ्या पॅकचा डेटा रात्री बाराला नव्याने सुरू होतो. साडेअकराला उरलेल्या डेटावर डाउनलोड लावतो, बाराला उरलेला भाग नव्या डेटावर पुढे सरकतो. प्ले स्टोअरमधलं आपोआप अपडेट फक्त वायफायवर ठेवलं आहे, नाहीतर दुपारीच कुठलं तरी अ‍ॅप सगळं खाऊन बसतं.

वऱ्हाडी राजा, दारव्हा

बूस्टर काहाडला. पिंगात फरक नाई, पण मधात येणारी जाहिरात गेली, हे खरं. आता सांगा, माह्या फोनमधी जास्तीची रॅम चालू कराचं बटण हाय. ते चालू ठेवू का बंद?

मोबाईल दुरुस्तीवाला, आर्णी

मी बंद ठेवायला सांगतो. ती रॅम खरी नाही, स्टोरेजचाच एक तुकडा आहे आणि साध्या फोनचं स्टोरेज हळू चालतं. त्यात फोन भरलेला असेल तर गोठणं वाढतं.

धारणीकर, मेळघाट

माझा अनुभव उलटा आहे. २ जीबीच्या फोनवर ती चालू केल्यावर मधे व्हॉट्सअ‍ॅप कॉल आला तरी गेम बंद पडत नाही. आधी हमखास पहिल्यापासून उघडायचा. अर्थात माझ्या फोनमध्ये जागा बरीच रिकामी आहे.

घाटंजीचा पोरगा

म्हणजे रिकाम्या जागेवर अवलंबून असावं. मी दोन्ही करून बघतो. तोपर्यंत माझं सांगतो. कव्हर काढलं, हाय एफपीएस बंद केलं, चार्जरची वायर लांब ठेवली. दुपारी दुसरी मॅच शेवटच्या झोनपर्यंत नीट गेली, तिसरीत पुन्हा जड झाला. पत्र्याखाली याहून जास्त मिळेल असं वाटत नाही, म्हणून आता दुपारी दोनच मॅच आणि बाकीचं संध्याकाळी ओट्यावर. कोणाकडे पत्र्याच्याच घरात तिसरी मॅच नीट गेली असेल तर फोन आणि सेटिंग लिहा.