मदत हवी आहे: ‘किंवा’ची ऑर्डर नक्की कशी समजायची?

मी घरून मोदक-पुरणपोळीच्या ऑर्डरी घेते. परवा एका ताईंचा मेसेज आला, “शनिवारी २१ मोदक किंवा १० पुरणपोळ्या मिळतील का?” मी लिहिलं, “हो, मिळतील.” मला वाटलं, त्यांना काहीही चालेल. पुरण शिजवायला वेळ लागतो म्हणून मी मोदक केले. त्यांना मात्र दोन्ही हवं होतं!

चूक माझीच. ‘मोदक की पोळ्या?’ असं मी विचारलं असतं, तर त्यांना एकच निवडावं लागलं असतं. ‘किंवा’ला नुसतं ‘हो’ म्हटलं की काहीच ठरत नाही. आता उलट विचारते, “एकच करू की दोन्ही? एकच असेल तर कोणतं?” पण काहींना ही उलटतपासणी वाटते. तुम्ही एका ओळीत, न दुखावता कसं विचारता?