बाळाची छाती का वाजते?

"पाच महिन्यांच्या बाळाला साधी सर्दी, मग छातीत शिट्टी कशी? पंप देऊनही फरक नाही."

विषाणूने, बहुतेकदा आरएसव्हीने, फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्यांचं अस्तर सुजतं, वर चिकट स्राव. नळीची रुंदी निम्मी झाली की हवेला अडथळा जवळपास 16 पट! श्वास सोडताना नळ्या आणखी आवळतात, म्हणून शिट्टी, आणि हवा आतच अडकते. फुगलेल्या छातीत दर श्वासाला थोडीच नवी हवा मावते, मग बाळ भराभर श्वास घेतं. पंप नळ्यांभोवतीचे स्नायू सैल करतो. इथे अडचण सुजेची.

गेल्या पावसाळ्यात देवगडला भाचीच्या लेकाचं (तोही पाच महिन्यांचा) झबलं वर करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले: 64. या वयात 50 म्हणजेच जास्त. बरगड्यांखाली खळगा पडत होता, दूधही अर्ध्यावर सोडत होता. धो धो पावसातच रिक्षा काढली.