मदत हवी आहे: मुलाखतींचे कोड झाले, पण 'ही थीम कुठून आली' हे दाखवता येत नाही

मृण्मयी_के

प्रबंधासाठी १२ आशा कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या आहेत. कागदी रजिस्टर आणि मोबाइल ॲप अशा दोन्ही ठिकाणी नोंदी ठेवाव्या लागतात, त्याचा त्यांच्या कामावर काय परिणाम होतो, हा प्रश्न आहे. सगळे ट्रान्सक्रिप्ट मराठीत आहेत. पहिल्या पाचांचं कोडिंग, म्हणजे प्रत्येक उताऱ्याला त्यातल्या अर्थाचं छोटं नाव देणं, वर्डमध्ये कॉमेंट टाकून झालं आहे आणि कोडची संख्या ७३ झाली आहे. गाइडचं म्हणणं असं की थीमवरून मूळ वाक्यापर्यंत आणि वाक्यावरून थीमपर्यंत दोन्ही बाजूंनी जाता आलं पाहिजे, आणि कोणता कोड का बदलला तेही दिसलं पाहिजे. कोडर मी एकटीच आहे. विकतचं सॉफ्टवेअर परवडणार नाही. उरलेल्या सात मुलाखती सुरू करण्याआधी घडी कशी बसवू?

सुहास७७

आधी दुसरा कोडर शोधा. दोघांनी वेगवेगळं कोडिंग करून कोहेनचा कप्पा, म्हणजे दोघांचं एकमत मोजणारा आकडा, काढायचा. तो ०.७ च्या वर आला की कोणी प्रश्न विचारत नाही. नाही तर परीक्षक अडवतात.

वसुधा_संशोधन

सुहास, कोडबुक आधी पक्कं करून मग ते सगळ्या मुलाखतींना लावायचं असेल तर तुमचं बरोबर आहे. मृण्मयीचे कोड मात्र वाचता वाचता तयार होत आहेत. ब्रॉन आणि क्लार्क यांची थीम काढण्याची २००६ ची पद्धत ती वापरत असेल, तर कप्पा तिथे बसत नाही. त्या दोघींनी स्वतःच पुढे हे स्पष्ट केलं आहे. शिवाय दोघांचं एकमत झालं म्हणून कोड कुठून आला हे कळत नाही, आणि गाइड नेमकं तेच विचारत आहेत.

मृण्मयी, वर्डमधल्या कॉमेंट आता थांबव. एका कोडचे सगळे उतारे एकत्र बघायची सोय तिथे नाही, आणि कॉमेंट खोडली की जुना कोड कायमचा गेला. एक स्प्रेडशीट घे आणि त्यात तीन पानं कर: उतारे, कोडबुक, निर्णयवही.

त्याआधी ट्रान्सक्रिप्ट गोठवायचे. ओळ क्रमांकावर विसंबू नकोस, कारण एक शब्द दुरुस्त केला तरी पुढच्या सगळ्या ओळी सरकू शकतात आणि संदर्भ चुकतात. बोलणारा बदलला की नवा क्रमांक द्यायचा. उत्तर लांब असेल तर त्याचे a, b, c भाग पाडायचे. म्हणजे उताऱ्याची ओळख अशी दिसेल:

```
P04-037b
```

चौथी मुलाखत, सदतिसावं बोलणं, दुसरा तुकडा. ही ओळख उताऱ्यांच्या पानावर प्रत्येक रांगेत हाताने टाइप केलेली हवी. एकच रकाना निवडून सॉर्ट केला की उतारे एकीकडे आणि कोड दुसरीकडे जातात, आणि ते लगेच लक्षातही येत नाही. ओळख रांगेतच असेल तर ट्रान्सक्रिप्ट उघडून पडताळता येतं. एका उताऱ्याला दोन कोड असतील तर दोन रांगा करायच्या, एका चौकटीत स्वल्पविराम देऊन दोन कोड कोंबायचे नाहीत. तसं केलं की गाळणी नीट लागत नाही.

मृण्मयी_के

निर्णयवहीत नेमकं काय लिहायचं? आणि ७३ कोड आवरू कसे? 'वेळ जातो' या एकाच कोडखाली १९ उतारे आहेत.

वसुधा_संशोधन

'वेळ जातो' हेच उदाहरण घेऊ. ते १९ उतारे एकाखाली एक वाच आणि दर वेळी विचार, वेळ कशामुळे जातो? कारणं वेगळी निघाली तर कोड फोडायचा. समज, तीन कारणं निघाली: एकच नोंद दोनदा करणं, नेटची वाट बघत थांबणं, आणि घरच्या वेळात नोंदी भरणं. वहीत अशी रांग येईल, D014 हा निर्णयाचा आणि C09 हा 'वेळ जातो' या कोडचा क्रमांक:

```
D014 | C09 -> C09a, C09b, C09c
आधी: १९ उतारे | नंतर: ८ + ७ + ६ = २१
कारण: वेळ जाण्याची कारणं तीन, प्रसंग वेगळे
दोन कोड मिळालेले: P03-022a, P05-041b
```

बेरीज २१ येते, कारण दोन उताऱ्यांना दोन-दोन कोड मिळाले. हा हिशोब जुळला तर फोडताना एकही उतारा गळला नसल्याची बरीच खात्री होते. जुळला नाही तर तिथेच थांबून शोधायचं. C09 कोडबुकातून खोडू नकोस. त्याच्यापुढे 'बंद, पाहा D014' असं लिही. बंद झालेला क्रमांक पुन्हा कधीच वापरायचा नाही.

कोडबुकात प्रत्येक कोडला व्याख्येबरोबर 'काय बसत नाही' असाही रकाना ठेव. C09c मध्ये रात्री घरी बसून ॲप भरणं येईल, पण रात्री बाळंतपणासाठी जावं लागणं येणार नाही. हा रकाना रिकामा राहिला तर दहाव्या मुलाखतीपर्यंत कोडचा अर्थ नकळत पसरतो. तो पसरला का हे बघायला सगळं झाल्यावर पहिली मुलाखत जुने कोड न बघता पुन्हा कोड कर, आणि जिथे फरक पडेल तिथे तो का पडला ते वहीत लिही. याची टक्केवारी काढायची गरज नाही.

गणेश_पाटील_लातूर

माझ्याकडे सर्वेक्षणातली २०० उत्तरं आहेत, एकेक-दोन ओळींची. कोणता शब्द किती वेळा आला हे मोजून थीम निघतील ना? मृण्मयीताईंनाही हे सोपं जाईल.

वसुधा_संशोधन

गणेश, तुमच्या छोट्या उत्तरांसाठी सुरुवातीची चाळणी म्हणून चालेल. मुलाखतीत नाही. 'ॲप' हा शब्द सगळ्यात जास्त येईल, कारण प्रश्नातच तो आहे. वेगळा धागा काढाल का? तिथे सविस्तर बोलू.

रेहाना_एस

स्प्रेडशीट जड वाटली तर Taguette हे कोडिंगचं सॉफ्टवेअर मोफत आहे, मराठी मजकूर चालतो आणि उतारे कोडसकट बाहेर काढता येतात. फक्त दोन टॅग, म्हणजे तिथले कोड, एकत्र केले की जुना टॅग यादीत उरत नाही. म्हणून एकत्र करण्याआधी एक्सपोर्ट करून फाइलच्या नावात तारीख घालायची. निर्णयवही तरीही वेगळीच लागते, कारण 'का' हे सॉफ्टवेअर लिहीत नाही.

आणखी एक. गाइडना ही फाइल द्याल तेव्हा उताऱ्यांत गावाचं आणि आरोग्य केंद्राचं नाव राहिलं नाही ना, ते बघा. एका उपकेंद्राखाली आशा मोजक्याच असतात. 'आमच्या गटप्रवर्तक मागच्या महिन्यात बदलल्या' एवढ्यावरूनही कोण बोललं ते ओळखता येतं. P04 म्हणजे कोण, ही यादी वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या फाइलमध्येच हवी.

मृण्मयी_के

हे खूप उपयोगी आहे. थीमचं विचारायचं राहिलं. 'ॲपच्या अडचणी' आणि 'रजिस्टरच्या अडचणी' अशा दोन थीम केल्या आहेत.

वसुधा_संशोधन

त्या थीम नाहीत, विषयाचे दोन गट आहेत. मुलाखती न घेताही ही नावं देता आली असती. थीममध्ये काहीतरी म्हटलेलं असावं, जे उताऱ्यांसमोर धरून खोटंही ठरू शकेल. उदाहरणार्थ: 'नोंद दिसली नाही तर भेट झालीच नाही असं धरलं जातं.' याखाली 'एकच नोंद दोनदा', 'फोटोपुरती भेट' आणि 'वरचे फक्त आकडा विचारतात' असे कोड येऊ शकतात. चौथं पान कर: थीम, तिचे कोड, आधार देणारे उतारे, आणि विरोधात जाणारे उतारे. शेवटचा रकाना मुद्दाम शोधून भरायचा.

मृण्मयी_के

विरोधातला एक आत्ताच सापडला. P02 म्हणते की ॲपमध्ये नोंद होती म्हणूनच अडलेला मोबदला मिळाला. बाकी कोणी असं म्हटलेलं नाही. हा अपवाद म्हणून नोंदवू का?

रेहाना_एस

मी अपवाद म्हणूनच ठेवेन, अहवालात स्पष्ट उल्लेख करून. पाचातल्या एकीवरून थीम हलवणं घाईचं होईल.

वसुधा_संशोधन

मला वेगळं वाटतं. आशांना कामागणिकही मोबदला मिळतो. तेव्हा 'जे दिसतं तेच काम' हा नियम P02 लाही लागू आहे, फक्त तिच्या बाजूने. म्हणजे थीमचं वाक्य 'नोंद हाच कामाचा पुरावा' असं व्हायला हवं, मग त्यात दोन्ही मावतात. पण सात मुलाखती बाकी आहेत. दोन्ही वाक्यं वहीत एकाच निर्णयाखाली 'प्रलंबित' म्हणून लिही, आणि प्रत्येक नव्या मुलाखतीनंतर कोणत्या वाक्याला आधार मिळाला ते उताऱ्याच्या क्रमांकासह भरत जा.