मदत हवी आहे: बायको नांदायला येत नाही, घटस्फोटासाठी पुरावे कोणते लागतात?

सांगलीकर_७७: बायको माहेरी गेलीय, परत यायला तयार नाही. वकील म्हणतात, क्रूरता आणि परित्याग दोन्ही लावू. माझ्याकडे व्हॉट्सॲप मेसेज आणि फोनवरचं बोलणं रेकॉर्ड आहे. एवढ्यावर काम होईल का? पुढच्या आठवड्यात अर्ज टाकायचाय, लवकर सांगा.

मंजूताई: कधी गेली? का गेली? मधे आली होती का?

सांगलीकर_७७: 2023 च्या दिवाळीत. कारण तिलाच माहीत. 2024 ला गणपतीत आली होती, विसर्जनानंतर गेली. त्याचा काय संबंध?

बिनधास्त_बाळू: दोन वर्षं उलटली की घटस्फोट मिळतोच. काही सिद्ध करावं लागत नाही.

जुना_वकील: बाळूशेठ, असं नसतं. दोन वर्षं सलग आणि अर्ज टाकण्याच्या लगेच आधीची लागतात. शिवाय ती सबळ कारणाशिवाय, तुमच्या मनाविरुद्ध आणि कायमचं सोडायच्या इराद्याने गेली, हे दाखवावं लागतं. सांगलीकर, गणपतीत ती पाहुणी म्हणून आली की नवरा-बायकोसारखे राहिलात?

सांगलीकर_७७: एकाच खोलीत राहिलो. नीट बोलत होती तेव्हा.

जुना_वकील: मग समोरचा वकील म्हणेल, संसार पुन्हा सुरू झाला होता, दोन वर्षं सप्टेंबर 2024 पासून मोजा. ती सप्टेंबर 2026 शिवाय भरत नाहीत. क्रूरतेलाही तोच धोका. पुण्याच्या दास्ताने खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1975 मध्ये क्रूरता मान्य केली, पण नंतर एकत्र राहिल्याने ती माफ झाली म्हणून नवरा हरला. गणपतीनंतर नवीन काही घडलं असेल तर जुन्या गोष्टी पुन्हा उभ्या राहतात.

स्वप्ना_ठाणे: आमचा सहमतीने झाला. सहा महिन्यांची अटही कोर्टाने माफ केली. तुम्हीही तेच करा.

मंजूताई: अगं, ती सही देणार असती तर यांनी धागा कशाला काढला असता?

बिनधास्त_बाळू: चोरून केलेलं रेकॉर्डिंग मात्र कोर्ट फेकून देतं, लिहून घ्या.

जुना_वकील: नवरा-बायकोच्या वादात असं रेकॉर्डिंग दाखल करता येतं, जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. आवाज कुणाचा, काटछाट केली का, हे तपासलं जाईलच. नुसते स्क्रीनशॉट देऊ नका. मूळ फोन जपा, नव्या साक्ष कायद्याच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा. आणि मेसेज दोन्ही बाजूंचे वाचले जातात. तुम्ही कधी ‘तिकडेच राहा’ असं लिहिलं असेल तर परित्यागाचा दावा तिथेच लंगडा पडतो. नांदायला ये म्हणून रजिस्टर नोटीस पाठवली होती का?

सांगलीकर_७७: नाही. वकिलांनी विचारलंच नाही. माझी वहिनी घरातच असते, ती साक्षीला चालेल?

बिनधास्त_बाळू: घरच्यांची साक्ष कोण मानतं?

जुना_वकील: घरात घडलेलं घरचेच सांगणार. फक्त ‘ती त्रास द्यायची’ एवढ्याने भागत नाही. कोणत्या दिवशी, काय बोलली, वहिनी कुठे उभी होती, हे उलटतपासणीत टिकायला हवं.

मंजूताई: आणि ती का गेली, ते अजून सांगितलं नाहीत.