डोसिंग पंपाची सिरीज बंद करतोय, गिऱ्हाइकांना पत्र कसं लिहावं?

रबाळे_सेल्स:
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. पाण्यात हायपो किंवा केमिकल सोडायचे सोलेनॉइड डोसिंग पंप बनवतो. कूलिंग टॉवर, एसटीपी, स्विमिंग पूल, आरओ प्लांट अशी गिऱ्हाइकं आहेत, काही माल डीलरकडून जातो, काही मशिनवाल्यांकडून. जुनी ६ एलपीएचची सिरीज आता बंद करायची आहे. कारण असं की तिच्या पीसीबीवरची मायक्रोकंट्रोलर चिप कंपनी बंद करतेय. डिस्ट्रिब्युटरचं पत्र आलंय: शेवटची ऑर्डर ३१ डिसेंबर, शेवटचा माल ३० जूनपर्यंत. नवी सिरीज तयार आहे.

साहेबांचं म्हणणं, गिऱ्हाइकांना ३१ मार्च ही शेवटची ऑर्डर तारीख द्यायची, खाली लिहायचं 'स्पेअर स्टॉक असेपर्यंत मिळतील' आणि नवं मॉडेल सुचवायचं. एवढं पुरेल का? पत्र १ सप्टेंबरला काढायचं आहे. कुणी हे आधी केलं असेल तर सांगा.

घणसोलीकर:
स्पेअर दहा वर्षं देणं कायद्यानंच बंधनकारक आहे. राईट टू रिपेअर आलाय ना आता. 'स्टॉक असेपर्यंत' लिहिलंत तर ग्राहक मंचात जाल.

वागळे_सर्व्हिस:
ताई, मी वागळे इस्टेटला इन्स्ट्रुमेंटच्या कंपनीत सर्व्हिस बघतो, अशी दोन मॉडेलं बंद करून झालीत. घणसोलीकरांचं आधी बघू. राईट टू रिपेअरचं सरकारी पोर्टल डिसेंबर २०२२ ला आलं हे खरं, पण त्यातली क्षेत्रं म्हणजे शेतीची अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि गाड्या. कारखान्यातला डोसिंग पंप त्यात बसत नाही. तुमच्यावर बंधन येतं ते तुमच्याच कागदांतून. जुन्या पीओच्या अटी, एएमसी आणि विशेषतः महापालिका किंवा सरकारी टेंडरची कामं काढून बघा. तिथं कुणीतरी 'स्पेअर इतकी वर्षं देऊ' म्हणून सही केलेली असते. ते आकडे पत्रात आपोआप येतात, त्याखाली जाता येत नाही.

आता मूळ मुद्दा. ३१ मार्च ही तारीख चालणार नाही. चिपची ऑर्डर तुम्हाला ३१ डिसेंबरला टाकायची आहे. गिऱ्हाईक मार्चमध्ये सांगणार की आम्हाला ४० पंप हवेत. मग डिसेंबरला तुम्ही किती चिप घेणार, कशाच्या जोरावर? कमी घेतल्या तर मार्चमध्ये पीओ हातात आणि माल बनवता येत नाही. जास्त घेतल्या तर पैसे कपाटात. आपल्या सप्लायरची शेवटची तारीख आधी भिंतीवर लावायची आणि तिथून मागं मोजत यायचं.

मी असं करेन: १ सप्टेंबरला पत्र. १५ नोव्हेंबरपर्यंत गिऱ्हाइकानं लेखी अंदाज द्यायचा, पैसे नाहीत, बंधन नाही. २८ फेब्रुवारी ही पक्क्या पीओची शेवटची तारीख. ज्यांनी अंदाज दिला त्यांचा तेवढा माल राखीव, बाकीच्यांना उरला तर. शेवटचं डिस्पॅच पुढच्या ३१ ऑगस्टला. म्हणजे पत्रापासून ऑर्डरला सहा महिने आणि मालाला बारा महिने. इलेक्ट्रॉनिक पार्टवाल्यांचं जे-एसटीडी-०४८ मानक कमीत कमी एवढीच मुदत सांगतं, त्यामुळे मोठ्या कंपनीचा परचेसवाला आक्षेप घेणार नाही.

आणि 'ऑर्डर' म्हणजे काय तेही लिहा. सही-शिक्क्याचा पीओ आणि ॲडव्हान्स आपल्या हातात, ती ऑर्डर. फोनवर 'दहा पकडून ठेवा' ही ऑर्डर नाही. या ऑर्डरी रद्द होणार नाहीत, माल परत घेतला जाणार नाही, हेही.

खारघर_सेक्रेटरी:
आमच्या सोसायटीच्या एसटीपीला असाच पंप आहे. डायफ्राम फाटलाय, ज्यानं बसवला तो फोन उचलत नाही. तुमच्याकडे डायफ्राम मिळेल का? मॉडेलची पट्टी पुसली गेलीय.

रबाळे_सेल्स:
@खारघर_सेक्रेटरी दादा, पंप आमचा आहे की नाही ते फोटोवरून कळेल. समोरून एक आणि डोक्याचा एक, चार स्क्रू दिसतील असा, मेसेजमध्ये टाका.

@वागळे_सर्व्हिस काका, खूप आभार. स्पेअरसाठी एकच आकडा टाकू का, पाच वर्षं?

वागळे_सर्व्हिस:
एकच आकडा टाकू नका. पंपाचे दोन भाग धरा. डोकं, म्हणजे डायफ्राम, व्हॉल्व्ह, बॉल, ओ-रिंग. आणि मागचा भाग, म्हणजे कॉईल आणि पीसीबी. नव्या सिरीजला तेच डोकं बसतं का?

रबाळे_सेल्स:
हो, डोकं तेच. कॉईलही तीच. फक्त बोर्ड आणि बॉडी वेगळी.

वागळे_सर्व्हिस:
मग निम्मी काळजी संपली. डोक्याचे पार्ट 'नवी सिरीज चालू आहे तोवर मिळतील' असं बिनधास्त लिहा. ते तुम्हाला तसेही बनवायचेच आहेत. मोजून घ्यायचा तो फक्त बोर्ड. रिपेअर रजिस्टर काढा, वर्षाला किती बोर्ड बदलले?

रबाळे_सेल्स:
गेली तीन वर्षं साधारण ४० च्या आसपास.

वागळे_सर्व्हिस:
पाच वर्षांचे २०० झाले. शेवटच्या लॉटचे पंपही पुढं रिपेअरला येणार आणि बोर्ड जुने झाले की जास्त जातात, म्हणून २५० धरा. समजा अंदाज आले ३०० पंपांचे. बोर्ड बनवताना काही रिजेक्ट होतात, तेवढी भर घालून ५८० चिप मागवा. मग त्या २५० चा वेगळा डबा करून स्टोअरमध्ये कुलूप लावा. हे नक्की करा. फेब्रुवारीत मोठी ऑर्डर आली की सेल्स त्या डब्याला हात घालतं आणि दोन वर्षांनी एएमसीचं गिऱ्हाईक बोर्डासाठी रडतं. पत्रात लिहा: 'कंट्रोल बोर्ड शेवटच्या डिस्पॅचपासून पाच वर्षं'. मुदत कुठून मोजायची ते लिहिलं नाही तर प्रत्येक जण आपल्या सोयीनं मोजतो. 'स्टॉक असेपर्यंत' वाचून गिऱ्हाइकाला काहीच ठरवता येत नाही, उद्या संपला तरी ते वाक्य खरंच.

महापे_पॅनेलवाला:
मी अशा पत्रांचा दुसऱ्या टोकाला असलेला माणूस. आरओ स्किड बनवतो. एका कंपनीनं असंच पंप बंद केले आणि 'समतुल्य मॉडेल' म्हणून नवं नाव दिलं. ६ एलपीएचच्या जागी ६ एलपीएच, प्रेशर तेच. बसवला. आमच्याकडे पंप वॉटर मीटरच्या पल्सवर चालतो, दर १० लिटरला एक पल्स, एका पल्सला पंपाचा एक स्ट्रोक. महिन्याभरानं गिऱ्हाईक म्हणतं पाण्यात क्लोरीन कमी येतोय. पंप तर टकटक चालू होता, कुणाला शंका येणार?

हिशोब केल्यावर कळलं. जुना पंप मिनिटाला १०० स्ट्रोक मारायचा, म्हणजे तासाला ६०००, आणि ६ लिटर भागिले ६००० म्हणजे स्ट्रोकला १ मिली. नवा मिनिटाला १८० मारतो. एलपीएच तेवढंच, पण एका स्ट्रोकला ०.५६ मिलीच. आम्ही हायपो पातळ करून १ टक्का वापरतो. जुन्यानं १० लिटरला १० मिलीग्रॅम क्लोरीन जायचा, म्हणजे १ पीपीएम. नव्यानं ०.५६. नव्या पंपात पल्स गुणायची सेटिंग होती, ती आम्हाला कुणी सांगितली नाही.

ताई, तुमच्या दोन्ही मॉडेलांचे स्ट्रोक किती?

रबाळे_सेल्स:
बघून आले. जुना १०० च, नवा १६०. म्हणजे आमच्याकडेही हेच होणार! नव्याला एका पल्सला १ ते ९ स्ट्रोक अशी सेटिंग आहे.

महापे_पॅनेलवाला:
मग तुमचा नवा स्ट्रोकला ०.६२५ मिली सोडतो. १ ठेवलं तर कमी, २ ठेवलं तर १.२५, म्हणजे पाव पट जास्त. २ ठेवून स्ट्रोकची लांबी ८० टक्क्यांवर आणली की बरोबर १ मिली. ही ओळ पत्रात हवी. नुसती जुनं मॉडेल–नवं मॉडेल अशी यादी देऊ नका. बसवायची भोकं जुळतात का, नळी ४×६ च आहे की ६×८ झाली, मीटरची वायर तीच चालते का, हे समोरासमोर लिहा. जुळत नसेल तर 'जुळत नाही' असंच लिहा, आम्ही ॲडॉप्टर प्लेट करून घेतो. आधी कळलं की काम सोपं असतं.

घणसोलीकर:
कायद्याचं समजलं, आभार. पण एक सांगतो, गिऱ्हाइकांना पाच वर्षांचे रबरी किट आत्ताच विकून टाका. त्यांचीही सोय, तुमचीही वसुली.

वागळे_सर्व्हिस:
एक-दोन किट ठीक, पाच वर्षांचे नको. रबर पाकिटातही म्हातारं होतं. आयएसओ २२३० प्रमाणे नीट ठेवलेल्या नायट्राईलच्या ओ-रिंगला सात वर्षं, व्हायटॉनला दहा धरतात, तेही थंड, अंधाऱ्या जागेत. आपल्याकडे स्टोअर पत्र्याखाली असतं आणि एप्रिलमध्ये तापतं. शिवाय डोकं नव्या सिरीजचंच आहे म्हणताय, मग ताजा माल मिळणारच आहे. साठा करायला सांगणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे अडकवणं.

तळोजा_डीलर:
मी डीलर आहे. आमच्याकडे पडून असलेल्या पंपांचं काय? पत्र थेट शेवटच्या गिऱ्हाइकाला गेलं तर उद्यापासून जुना माल कुणी घेणार नाही. आधी आम्हाला महिनाभर द्या.

वागळे_सर्व्हिस:
भाऊ, तुमचं दुखणं समजतं. पण महिनाभर लपवून विकलेला पंप ज्याला मिळाला तो नंतर दोघांनाही धरणार. दोन-चार दिवस आधी डीलरला फोन, मग सगळ्यांना पत्र. तुमच्याकडच्या पंपांची वॉरंटी तुमच्या बिलाच्या तारखेपासून पूर्ण चालेल, हे कंपनीनं लिहून द्यावं.

तळोजा_डीलर:
वॉरंटीचं ठीक, पण चार दिवसांत ६० पंप कुठं हलवू? कंपनीनं न विकलेला माल नव्या सिरीजशी बदलून द्यावा, असं माझं म्हणणं आहे.

रबाळे_सेल्स:
हा प्रश्न साहेबांपुढे ठेवते, माझ्या हातातला नाही. बाकी धरून मसुदा केलाय, बघा:

'आमच्या ६ एलपीएच जुन्या सिरीजच्या कंट्रोल बोर्डातील चिपचे उत्पादन तिच्या निर्मात्याने थांबवल्यामुळे ही सिरीज बंद करत आहोत. आपली पुढील गरज १५ नोव्हेंबरपर्यंत लेखी कळवल्यास तेवढा माल आपल्यासाठी राखून ठेवू. पीओ व ॲडव्हान्स २८ फेब्रुवारीपर्यंत स्वीकारू. शेवटचे डिस्पॅच ३१ ऑगस्ट. त्या तारखेपासून पाच वर्षे कंट्रोल बोर्ड मिळतील. डायफ्राम, व्हॉल्व्ह, ओ-रिंग व कॉईल नव्या सिरीजमध्येही तेच असल्याने ती सिरीज चालू असेपर्यंत मिळतील. पल्सवर चालणारा पंप बदलताना सोबतच्या पानावरील सेटिंग करूनच चालू करावा.'

महापे_पॅनेलवाला:
उत्तम. हे परचेसच्या मेलवर गेलं की तिथंच राहतं. मेंटेनन्सच्या माणसालाही पाठवा, आणि 'मिळालं' असं उत्तर मागा. ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांना ऑक्टोबरमध्ये फोन, म्हणजे १५ नोव्हेंबरच्या आधी त्यांचा आकडा हाती येईल.

घणसोलीकर:
शेवटच्या लॉटला भाव वाढवणार का?

रबाळे_सेल्स:
साहेब दहा टक्के म्हणतायत, चिप एकदम घ्यायची असल्यामुळे. मला वाटतं अंदाज वेळेत देणाऱ्याला जुनाच भाव ठेवावा.

वागळे_सर्व्हिस:
मीही तेच म्हणेन, पण तुमचे पैसे सहा-आठ महिने अडकणार हेही खरं. ॲडव्हान्स किती टक्के घेताय त्यावर बघा.

खारघर_सेक्रेटरी:
ताई, फोटो पाठवलेत. डोक्याला सहा स्क्रू आहेत.

रबाळे_सेल्स:
मग तो आमचा नाही दादा. पण डायफ्राम काढून त्याचा व्यास आणि मधल्या स्क्रूचा आटा मोजून घेऊन या, जुळतोय का बघू.